डाळिंबाची बाग लावायची आहे? फुंडकर योजनेत क्षेत्र, पीक, तारीख आणि कागद कसे तपासले जातात

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून सुरू आहे. नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, देवळा या पट्ट्यात डाळिंबासाठी तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. तरी पात्र असलेल्यांचेही अर्ज परत येतात. बहुतेक वेळा कारण नियम कडक असल्याचं नसतं, कामाचा क्रम चुकल्याचं असतं. रोपं आधी लावली जातात आणि मंजुरी मागून मागितली जाते, किंवा भावाची संमती घ्यायची राहून जाते. तालुका कृषी कार्यालयात अर्ज ज्या क्रमाने तपासला जातो, त्याच क्रमाने घरी आधी तपासून घेतला तर निर्णय काय येणार हे बरंचसं आपल्यालाच कळतं.

पहिली तपासणी क्षेत्राची. कोकण सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, म्हणजे नाशकातही, किमान ०.२० हेक्टर आणि कमाल ६ हेक्टर लागवडीला अनुदान मिळतं. ०.२० हेक्टर म्हणजे २० आर, साधारण अर्धा एकर. गोंधळ होतो तो इथेच. आपण बोलतो एकरात आणि गुंठ्यात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. दोन एकर म्हणजे दोन हेक्टर नव्हे, जवळपास ०.८१ हेक्टर. सातबारावरच्या एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा करून लागवडीलायक क्षेत्र किती उरतं ते बघा आणि अर्जात त्याच्या आतला आकडा भरा. त्याच जमिनीवर आधी दुसऱ्या योजनेतून फळबागेचा लाभ घेतला असेल तर तेवढं क्षेत्र तुमच्या कमाल मर्यादेतून कमी धरलं जातं.

क्षेत्राबरोबर आणखी एक गोष्ट इथेच ठरते. ज्याची जमीन दोन हेक्टरपर्यंत आहे आणि ज्याच्याकडे जॉब कार्ड आहे, त्याच्यासाठी रोजगार हमीतली फळबाग लागवड आहे. तिथे किमान ०.०५ हेक्टरपासून, म्हणजे पाच आरांपासूनही लागवड घेता येते. फुंडकर योजना मुळात रोजगार हमीत न बसणाऱ्यांसाठी आणली गेली. त्यामुळे पेठ, सुरगाण्यातल्या दहा-पंधरा गुंठ्यांवर आंबा लावणाऱ्या कुटुंबाने महाडीबीटीवर अर्ज भरत बसू नये, ग्रामपंचायतीत रोजगार सेवकाकडे जावं. तो अर्ज इकडे केला तर किमान क्षेत्रावरच अडणार.

दुसरी तपासणी पिकाची. योजना बहुवार्षिक फळपिकांची आहे आणि पिकांची यादी ठरलेली आहे. आंबा, पेरू, डाळिंब, सीताफळ, चिकू, कागदी लिंबू, मोसंबी, संत्रा, आवळा, चिंच, जांभूळ, अंजीर, नारळ ही आपल्याकडची नावं त्यात आहेत. द्राक्ष त्या यादीत नाही. निफाड-दिंडोरीतले शेतकरी हे ऐकून नाराज होतात, आणि ते साहजिकच आहे, कारण जिल्ह्याची ओळखच द्राक्षाची. पण अर्जात पीक म्हणून द्राक्ष निवडायला जागाच नाही. दुसरं पीक दाखवून द्राक्ष लावण्याच्या फंदात मात्र पडू नका, लागवडीनंतर शेतावर येऊन तपासणी होते.

पिकाबरोबर लागवडीचं अंतरही ठरतं आणि अंतरावरून झाडांची संख्या. डाळिंबाला योजनेत ४.५ बाय ३ मीटर अंतर धरलं आहे, म्हणजे हेक्टरी ७४० झाडं. अनुदान याच हिशोबाने निघतं. तुम्ही दाट लागवड केली म्हणून हेक्टरी जास्त मिळत नाही. कलमं कुठून आणली तेही बघितलं जातं. कृषी विद्यापीठाच्या, कृषी विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त खाजगी रोपवाटिकेचीच पावती चालते. ओळखीच्या माणसाकडून गुट्या आणल्या आणि साध्या कागदावर पावती घेतली, तर बाग चांगली उभी राहूनही पैसे अडकतात.

तिसरी तपासणी तारखेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. योजनेचा लागवडीचा कालावधी मे ते नोव्हेंबर आहे. आपल्याकडे पाणी असलेले बरेच जण जानेवारी-फेब्रुवारीत डाळिंब लावतात. शेतीच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, पण ती लागवड या योजनेत बसत नाही. कालावधीपेक्षाही मोठी अट म्हणजे लागवड पूर्वसंमती मिळाल्यानंतरचीच हवी. अर्ज भरला म्हणजे मंजुरी मिळाली असं होत नाही. निवड झाल्याचा मेसेज आला तरीही नाही. कागदपत्रं तपासून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून पूर्वसंमती पत्र निघतं, त्यावर लागवडीची मुदतही लिहिलेली असते. त्या पत्राच्या तारखेआधी लावलेलं झाड मोजलंच जात नाही. रोपवाटिकेच्या पावतीची तारीख पत्राच्या आधीची निघाली तर तिथेच प्रश्न उभा राहतो. म्हणून कलमांचं बुकिंग आधी करून ठेवलं तरी उचल आणि पावती पत्रानंतरचीच ठेवा.

हे सगळं एका उदाहरणात बसवून बघू. बागलाण तालुक्यातलं एक खातं धरा. वडील वारले, वारस नोंद होऊन सातबारावर आई आणि दोन भाऊ अशी तीन नावं लागली. गटाचं क्षेत्र २.४० हेक्टर, त्यात पोटखराबा ०.१५. वाटणी झालेली नाही. जॉब कार्ड नाही. धाकट्या भावाला ०.८० हेक्टरवर भगवा डाळिंब लावायचं आहे, जुलैच्या अखेरीस.

क्षेत्राची तपासणी केली तर लागवडीलायक २.२५ हेक्टर उरतं, मागणी ०.८० ची. किमान-कमाल दोन्हीत बसतं. गटाच्या तिसऱ्या हिश्श्याला ०.७५ हेक्टर येतं, म्हणजे मागणी त्याच्या वाट्यापेक्षा थोडी जास्तच आहे. वाटणी नसताना हे सामाईक खातं आहे, तेव्हा आई आणि मोठ्या भावाची संमती असल्याशिवाय हा अर्ज पुढे सरकत नाही. पीक यादीत आहे. जुलै अखेर कालावधीत आहे, अट एवढीच की तोवर पूर्वसंमती हातात असावी. निर्णय असा: पात्र, पण कागद अपुरे. राहिलेला कागद एकच, सहहिस्सेदारांचं संमतीपत्र.

या एका कागदावर खूप अर्ज अडकतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. संमतीपत्रात गाव, गट नंबर, गटाचं एकूण क्षेत्र, त्यातलं लागवडीचं क्षेत्र आणि फळपिकाचं नाव स्पष्ट लिहा. अनुदान अमुक व्यक्तीच्या बँक खात्यात जमा व्हायला आमची हरकत नाही, हे वाक्य हवंच. सातबारावर जितकी नावं आहेत, अर्जदार सोडून तितक्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचं नाव असेल तर तिचीही. नुसती ‘घरच्यांची संमती आहे’ अशी एक ओळ आणि एक सही चालत नाही. सातबारावर कुळाचं नाव असेल तर कुळाचीही संमती लागते. पत्र साध्या कागदावर चालेल की स्टॅम्पवर, हे तालुका कार्यालयात एकदा विचारून मगच लिहून घ्या, म्हणजे सगळ्यांना पुन्हा सह्यांसाठी गोळा करावं लागत नाही.

बाकीचे कागद नेहमीचेच. सातबारा आणि आठ-अ ताजे काढलेले, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि अनुसूचित जाती-जमातीचा अर्जदार असेल तर जातीचा दाखला. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, बंधनकारक झाला आहे. नुसता क्रमांक असून भागत नाही. ज्या गटात बाग लावायची तो गट त्या आयडीला जोडलेला आहे का ते अर्जाआधी बघा. वारस नोंद किंवा वाटणी नुकतीच झाली असेल तर गट सुटलेला असण्याची शक्यता जास्त. तो आधी जोडून घ्या. सातबारावर नावाची नोंदच जुनी असेल तर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, फेरफार पूर्ण करून घेण्याला पर्याय नाही. ते काम आठवड्यात होणारं नसतं, म्हणून ते उन्हाळ्यातच हातावेगळं करा.

अर्ज mahadbt.maharashtra.gov.in वर भरायचा, स्वतः किंवा ई-सेवा केंद्रातून. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. आधी सोडत निघायची. २०२५-२६ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी प्राधान्य, असं धोरण आलं. याचा सरळ अर्थ असा की जुलैत लावायचं असेल तर जुलैत अर्ज भरून उपयोग नाही. तालुक्याचं त्या वर्षीचं लक्ष्यांक ठरलेलं असतं, तुमच्या पुढे किती जण आहेत त्यावर पूर्वसंमती कधी येणार हे अवलंबून राहतं. ती नोव्हेंबर संपेपर्यंत आलीच नाही तर त्या हंगामात योजनेच्या भरवशावर लागवड करू नका. निवडीचा मेसेज आल्यावर कागद अपलोड करायला मुदत असते, ती चुकली तर अर्ज रद्द होऊ शकतो. म्हणून अर्जात जो मोबाइल नंबर दिला तो चालू ठेवा. गावाकडे केंद्रचालक स्वतःचाच नंबर टाकून देतात आणि मेसेज शेतकऱ्यापर्यंत येतच नाही, हे फार ठिकाणी घडतं. भरलेला अर्ज सबमिट करण्याआधी नंबर स्वतः वाचून बघा.

पूर्वसंमतीनंतर ०.८० हेक्टरवर आपल्या उदाहरणातल्या भावाची ५९२ झाडं लागतील. अनुदान तीन वर्षांत मिळतं, पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. ठिबक लागतंच, पण त्याच्या अनुदानासाठी वेगळा अर्ज करायचा आणि त्याचीही पूर्वसंमती वेगळी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचे पैसे झाडं किती जगली यावर ठरतात. बागायती झाडांसाठी ९० टक्के, म्हणजे इथे किमान ५३३ झाडं जिवंत हवीत. मर रोगाने किंवा पाण्याअभावी जिवंत झाडं त्याहून कमी उरली तर नांग्या स्वखर्चाने भरून संख्या पूर्ण करावी लागते. तपासणीला सहायक कृषी अधिकारी येतात, त्याआधी नांग्या भरून त्यांची पावतीही जपून ठेवा.

लागवड झाली की त्याच हंगामात ई-पीक पाहणीत डाळिंबाची नोंद करा, गट, क्षेत्र आणि झाडांची संख्या पूर्वसंमती पत्राशी जुळेल अशी. पत्रात ०.८० हेक्टर आणि सातबारावर अजूनही मका-बाजरी, असं दिसलं तर पुढच्या हप्त्याच्या वेळी शंका तुमच्यावरच येते, आणि मागच्या हंगामाची पीक पाहणी नंतर दुरुस्त करून घेणं फार जड जातं.