सराव पाठ आणि छात्रसेवाकाल: एका तक्त्यात दोन्ही मोजू नका

बी.एड.ची पोरं म्हणतात, "इंटर्नशिप चालू आहे, अजून चार पाठ राहिलेत." गोंधळ याच वाक्यात आहे. सराव पाठ म्हणजे दुसऱ्याच्या वर्गात घेतलेली एक तासिका. पाठ टाचण आधी तपासून घ्यायचं, मागच्या बाकावर निरीक्षक, घंटा झाली की विषय संपला. छात्रसेवाकालात, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, शाळेतच मुक्काम असतो: हजेरी, परिपाठ, वह्या तपासणं, घटक चाचणी, पालकांशी बोलणं. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीत दोन वर्षांच्या बी.एड.ला शाळेतले किमान २० आठवडे आहेत, आणि छात्रसेवाकालाला ९० टक्के उपस्थिती लागते.

तरीही बऱ्याच ठिकाणी दोन्हींना गुण देण्याचा एकच तक्ता लावतात: प्रस्तावना, प्रश्न, फलकलेखन, समारोप, गृहपाठ. त्याने काय होतं ते बघा.

समजा, साताऱ्याजवळच्या एका शाळेत सहावीला अपूर्णांकांची बेरीज चालली आहे. छात्राध्यापिकेने १/२ + १/३ दिलं, आणि अर्ध्या वर्गाने २/५ लिहिलं. तिने टाचण बाजूला ठेवलं. "अर्ध्यात आणखी थोडं मिळवलं, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं रे?" मग कागदाच्या पट्टीला घड्या घालून सहा सारखे भाग केले, अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन, मिळून ५/६. तोवर घंटा झाली. समारोप नाही, गृहपाठ नाही. तक्त्याप्रमाणे तिचे गुण कापले जाणार, आणि दोन चुका झाकून वेळेत पाठ उरकणारा पुढे जाणार.

सराव पाठात आधी ठरलेलं कौशल्यच तपासावं. आज प्रश्न विचारणं ठरलं असेल, तर फलकावरच्या अक्षराचे गुण कापू नयेत. मुलं तिच्या ओळखीची नाहीत, त्यांचं आधी काय झालंय हेही तिला ठाऊक नसतं; म्हणून त्यांच्या निकालाची जबाबदारी तिच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. छात्रसेवाकालात मात्र ती टाकता येते. तिथे एक तासिका न बघता सगळा घटक बघावा: दुसऱ्या दिवशी तिने तसलीच दोन उदाहरणं दिली का, २/५ लिहिणाऱ्यांना वेगळं बसवलं का, वहीत लाल फुलीशेजारी कारण लिहिलं का.

गुण देताना "छान", "बरा" हे शेरे कामाचे नाहीत. "चुकीच्या उत्तरामागचं कारण शोधलं", "बरोबर उत्तर स्वतःच सांगून टाकलं" अशा पायऱ्या लिहिलेल्या हव्यात आणि त्या पाठाआधी तिच्या हातात हव्यात. माण-खटावकडची बोली किंवा भिंतीवर लावायच्या महागड्या तक्त्यांचा अभाव यावर गुण जाऊ नयेत. मुलांना सूचना समजल्या की नाही एवढंच बघावं. कॉलेजचे प्राध्यापक आणि शाळेतले मार्गदर्शक शिक्षक दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. फार तफावत आली तर सरासरी काढून मोकळं न होता, त्या तासाला कोणी काय टिपलं ते समोरासमोर ठेवावं.