एका दिवसाने बदलणारा कर: भांडवली नफ्यातल्या मुदतीच्या रेषेची पार्श्वभूमी

समजा एखाद्याने १० मार्च २०२५ रोजी शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचे १० लाख रुपयांचे शेअर घेतले आणि वर्षभरात त्यांची किंमत १४ लाख झाली. १० मार्च २०२६ रोजी ते विकले, तर ४ लाखांचा नफा अल्पकालीन ठरतो. त्यावर २० टक्के दराने ८०,००० रुपये आणि ४ टक्के सेस धरून ८३,२०० रुपये कर लागतो. तेच शेअर ११ मार्चला विकले की नफा दीर्घकालीन होतो. मग वर्षातला पहिला सव्वा लाखाचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो आणि उरलेल्या २ लाख ७५ हजारांवर साडेबारा टक्के दर लागतो. सेससह कर होतो ३५,७५० रुपये. शेअर तेच, नफाही तेवढाच, पण एका दिवसाने ४७,४५० रुपयांचा फरक पडला.

इथे १० तारखेची विक्री अल्पकालीन का, हा प्रश्न पडेल, कारण वर्ष तर पूर्ण झाले आहे. कायद्याची भाषा अशी आहे की विक्रीच्या तारखेच्या लगेच आधी मालमत्ता बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ हातात नसेल, तर ती अल्पकालीन. बरोबर बारा महिने भरले तरी ‘जास्त’ झालेले नसतात. त्यावर एक दिवस जावा लागतो.

ही रेषा मुळात आखली कशासाठी, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. ब्रिटिश करपद्धतीत उत्पन्न आणि भांडवल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी मानल्या जात. फळावर कर घ्यायचा, झाडावर नाही. भाडे, व्याज, लाभांश ही फळे. घर किंवा शेअर विकून झालेला फायदा हा झाडाचाच भाग. त्यामुळे ब्रिटनमध्ये बराच काळ भांडवली नफ्यावर करच नव्हता, आणि भारतातल्या १९२२ च्या आयकर कायद्यातही सुरुवातीला तो नव्हता.

अमेरिकेने उलटी सुरुवात केली. तिथे १९१३ पासून भांडवली नफा सरळ उत्पन्नात धरला गेला. पहिल्या महायुद्धात आयकराचे दर प्रचंड वाढले आणि सर्वांत वरच्या टप्प्याचा दर ७० टक्क्यांच्या पुढे गेला. त्यातून दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक म्हणजे पंधरा वर्षांत हळूहळू वाढलेली किंमत विक्रीच्या एकाच वर्षात उत्पन्न म्हणून दिसायची आणि माणूस त्या एका वर्षापुरता सर्वांत वरच्या टप्प्यात ढकलला जायचा. दुसरी अशी, की कर टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे विकायचेच नाही. लोक मालमत्ता धरून बसले, व्यवहार अडले, आणि सरकारला करही मिळेना. १९२१ च्या कायद्याने यावर तोड काढली: दोन वर्षांपेक्षा जास्त काळ बाळगलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर कमाल साडेबारा टक्के कर. शंभर वर्षांनंतर भारताने नेमका हाच आकडा निवडला. तो योगायोग असावा, पण लक्षात राहण्यासारखा आहे.

पुढे अमेरिकेने १९३४ मध्ये या रेषेचा जिना केला. मालमत्ता एक वर्षाच्या आत विकली तर पूर्ण नफा करपात्र, त्यानंतर मुदत वाढेल तसा ८०, ६०, ४० टक्के, आणि दहा वर्षांनंतर ३० टक्केच. मला हा प्रयोग तर्काला धरून वाटतो, कारण काळ सलग चालतो, तो एका रात्रीत अल्पाचा दीर्घ होत नाही. पण प्रत्येक पायरीजवळ आलेला माणूस पुढच्या पायरीसाठी थांबू लागतो, म्हणजे जी अडवणूक टाळायची तीच जागोजागी निर्माण होते. काही वर्षांतच हा जिना मोडला आणि १९४२ मध्ये सहा महिन्यांची एकच रेषा आली.

भारतात हा कर आला फेब्रुवारी १९४७ मध्ये, हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अर्थसंकल्पातून. त्याचे आयुष्य थोडे ठरले. १ एप्रिल १९४८ नंतरच्या नफ्यावर तो उरला नाही. १९५६ मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी भारताच्या करव्यवस्थेवर अहवाल दिला आणि त्याच वर्षी भांडवली नफ्यावरचा कर परत आला. अल्पकालीन आणि दीर्घकालीन हा भेद मात्र १९६२ पासूनचा. अल्पकालीन नफा म्हणजे जवळपास धंद्यातली कमाई, म्हणून तो इतर उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. दीर्घकालीन नफ्याला सवलत, अशी मांडणी झाली. मुदत किती हा आकडा नंतर अनेकदा बदलला. तो बराच काळ छत्तीस महिने होता आणि शेअरसाठी १९८७ च्या वित्त कायद्याने बारा महिने झाला.

इथपर्यंतचे कारण मुख्यतः वाढत्या दरांचे आणि सट्ट्याला आळा घालण्याचे. १९९२ मध्ये डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना तिसरे कारण कायद्यात शिरले: महागाई. त्याआधी दीर्घकालीन नफ्यातून ठरावीक टक्के वजावट मिळे, मग मालमत्ता चार वर्षे बाळगलेली असो वा चाळीस. राजा चेल्लय्या समितीच्या शिफारशींनंतर इंडेक्सेशन आले. खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून घ्यायची आणि उरलेल्या खऱ्या नफ्यावर सरसकट २० टक्के कर द्यायचा. माझ्या मते या रेषेच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक टप्पा. मालमत्ता किती वर्षे होती, याचा हिशेब पहिल्यांदाच वर्षागणिक झाला. बारा किंवा छत्तीस महिन्यांचा उंबरठा तसाच होता, पण त्याच्या पलीकडे काळाला किंमत होती.

शेअर लवकरच या वाटेवरून बाजूला झाले. १ ऑक्टोबर २००४ पासून शेअरच्या प्रत्येक व्यवहारावर रोखे उलाढाल कर, म्हणजे एसटीटी, लागू झाला आणि त्याच्या बदल्यात दीर्घकालीन नफा पूर्ण करमुक्त झाला. अल्पकालीन नफ्यावर १० टक्के, २००८ पासून १५ टक्के. त्या काळात बाराव्या महिन्यातला एक दिवस म्हणजे कर आणि शून्य कर यांतला फरक होता. २०१८ मध्ये अरुण जेटली यांनी एक लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर परत आणला. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ मात्र त्यातून वगळली, म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव आजही जुन्या शेअरच्या हिशेबात लागतो.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने सध्याची रचना आणली. मुदती दोनच उरल्या: बाजारात नोंदलेल्या रोख्यांसाठी बारा महिने, बाकी मालमत्तांसाठी चोवीस. शेअरवरचा अल्पकालीन दर २० टक्के आणि दीर्घकालीन दर जवळपास सर्व मालमत्तांसाठी साडेबारा टक्के झाला. त्याबरोबर इंडेक्सेशन गेले. म्हणजे १९९२ चे कारण काढून घेतले आणि १९२१ ची पद्धत, उंबरठा आणि कमी दर, तेवढी ठेवली.

याचा अर्थ घर विकणाऱ्याला लगेच कळला. २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२४-२५ मध्ये ९५ लाखांना विकला असे धरू. निर्देशांक १६७ वरून ३६३ झाला, त्यामुळे खरेदीची वाढीव किंमत सुमारे ८७ लाख होते. नफा ८ लाखांच्या आसपास आणि २० टक्क्यांनी कर साधारण १ लाख ६१ हजार. नव्या पद्धतीने मात्र ५५ लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ६ लाख ८७ हजार. दर उतरला आणि कर चौपट झाला, कारण त्या ५५ लाखांतला मोठा हिस्सा ही महागाईच होती. हाच फ्लॅट दोन कोटींना गेला असता तर नवी पद्धत स्वस्त पडली असती. या उदाहरणात वळणाची जागा सुमारे १ कोटी ६५ लाखांवर येते. टीका झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही हिशेबांतला कमी कर भरता येतो. त्यानंतरच्या खरेदीला ही सोय नाही.

डेट म्युच्युअल फंडांच्या बाबतीत तर काळच पुसला गेला. ज्यांचा पैसा प्रामुख्याने कर्जरोख्यांत असतो, अशा फंडांची १ एप्रिल २०२३ पासून घेतलेली युनिटे दहा वर्षे ठेवली तरी त्यांचा नफा अल्पकालीनच धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो.

मुदत मोजताना चुका होतात त्या बहुधा सुरुवातीच्या तारखेत. शेअरसाठी ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची तारीख धरतात, डीमॅटमध्ये जमा झाल्याची नाही. डीमॅट खात्यात जे आधी आले ते आधी विकले असे मानले जाते. एसआयपीत प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी असते, त्यामुळे तीन वर्षे चाललेल्या एसआयपीतून सगळे काढले की शेवटच्या वर्षातल्या हप्त्यांचा नफा अल्पकालीन ठरतो. बोनस शेअरचे घड्याळ ते मिळाल्या दिवशी नव्याने सुरू होते. वारशाने मिळालेल्या मालमत्तेचे मात्र तसे नाही. वडिलांनी वीस वर्षे ठेवलेली जमीन मुलाने मिळाल्यावर दोन महिन्यांत विकली तरी नफा दीर्घकालीनच, कारण आधीच्या मालकाचा काळ त्यात धरला जातो.

दिवस मोजून थांबण्यालाही मर्यादा आहे. सुरुवातीच्या उदाहरणातल्या माणसाने वर्ष भरायच्या थोडे आधी शेअर विकले तर कर जाऊन हातात १३ लाख १६ हजार ८०० रुपये राहतात. थांबल्यावर भाव १३ लाख ४५ हजारांच्या खाली गेला, तर वाचलेला कर भावातच जातो. म्हणजे करातल्या फरकाने त्याला साधारण चार टक्क्यांच्या घसरणीपुरते संरक्षण मिळते. एक-दोन आठवड्यांसाठी ते पुरेसे वाटेल, चार महिन्यांसाठी नाही.

तोटा असेल तर हिशेब उलटा फिरतो. अल्पकालीन तोटा अल्प आणि दीर्घ दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, दीर्घकालीन तोटा मात्र दीर्घकालीन नफ्यातूनच. दोन्ही आठ वर्षे पुढे नेता येतात, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. त्यामुळे तोट्यातले शेअर विकायचेच ठरले असेल, तर ते वर्ष पूर्ण व्हायच्या आधी विकलेले बरे. एक दिवस उशीर झाला की २० टक्क्यांच्या नफ्यासमोर उभा राहू शकणारा तोटा साडेबारा टक्क्यांच्या नफ्याची वाट पाहत बसतो.