जीभ जळते, पण आरशात काहीच दिसत नाही

जीभ चरचरायला लागली की घरातलं निदान ठरलेलं असतं: ‘तोंड आलंय, उष्णता झालीय, सब्जा घे आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी घे.’ फोड आलेला असेल तर हे चालून जातं, कारण असे फोड बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआपच बरे होतात. पण आरशात जीभ स्वच्छ गुलाबी दिसते, तरी टोकाला पोळल्यासारखी आग होते, तोंड कोरडं वाटतं आणि जुनं नाणं चघळल्यासारखी चव रेंगाळते, तेव्हा प्रकरण वेगळं असतं. ही आग रोज दोन तासांहून जास्त आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, तपासणीत कारणही सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा त्रास सर्वाधिक दिसतो. घरच्यांना काही दिसत नाही, म्हणून ‘मनाचे खेळ’ हा शेरा त्यांनाच ऐकावा लागतो.

मला यात सगळ्यात भुरळ पडते ती एका नसेची. तिचं नाव कॉर्डा टिम्पनाय. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव हीच नस मेंदूकडे नेते, आणि तिची वाट चक्क कानातून जाते. पडद्याच्या आत, मधल्या कानातल्या दोन इवल्याशा हाडांच्या मधून ती पलीकडे निघते. म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेत तिला धक्का लागला तर काही रुग्णांच्या तोंडात धातूची चव येते. जबड्याखालच्या लाळग्रंथींना ‘पाझरा’ हा हुकूमही हीच नस पोचवते. जिभेवरची आग, वेदना आणि तिखटाचा झटका मात्र दुसऱ्याच, ट्रायजेमिनल नावाच्या नसेच्या शाखेतून जातो.

लिंडा बार्टोशुक या अमेरिकन संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना अशी: चवीचे संदेश मेंदूत पोचतात तेव्हा ते वेदनेच्या संदेशांना सतत ब्रेक लावून धरतात. चवीची नस दुबळी झाली की ब्रेक सुटतो. जिभेला काहीही झालेलं नसताना आग जाणवते, आणि मेंदू धातूची किंवा कडू चव स्वतःच उभी करतो. जेवताना बऱ्याच जणींना आराम का पडतो, हेही यातून उलगडतं. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. जिभेचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा काही रुग्णांच्या वरच्या थरातले वेदनेचे बारीक तंतूही विरळ झालेले आढळले. म्हणजे बिघाड मेंदूत, नसेत की जिभेच्या कातडीत, याचं उत्तर सगळ्यांसाठी एक नाही. कोरडेपणाचंही तसंच. लाळ मोजली तर पुष्कळदा ती पुरेशी भरते, तरी तोंड सुकल्यासारखं वाटतं.

मात्र हे नाव चिकटवण्याआधी साधी कारणं खोडावी लागतात. समजा, सत्तावन्न वर्षांच्या एक शाकाहारी बाई आहेत. दहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, रक्तदाबासाठी एनालाप्रिल आहे. सकाळी जीभ ठीक असते, संध्याकाळपर्यंत आग चढते. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून सगळे निश्चिंत. इथेच फसगत होते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२चं शोषण कमी होतं, शाकाहारी जेवणात ते आधीच तुटपुंजं, आणि रक्तक्षय दिसण्याआधीच नसांना त्याची झळ बसू शकते. त्यामुळे बी-१२ वेगळं मोजायला हवं. सोबत लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर. मेटफॉर्मिनने धातूची चव येते, एनालाप्रिलच्या जातीच्या औषधांनी चव बिघडते आणि क्वचित जीभही जळते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. बी-१२ कमी निघालं तर भरून काढल्यावरही नसा सावरायला काही महिने लागतात. दोन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून इंजेक्शनं सोडून देणं ही नेहमीची चूक. आणि सगळ्या तपासण्या नीट असताना बी-कॉम्प्लेक्सचा मारा करणं म्हणजे निव्वळ खर्च.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: गुटखा, सुपारी. त्यातून होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्येही फोड नसताना आग होऊ शकते, पण ती तिखट घासाबरोबर भडकते. गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठर लागते, हळूहळू तोंड पूर्ण उघडेनासं होतं. बर्निंग माउथमध्ये याच्या उलट, खाताना बहुतेकांची आग निवते आणि तोंड छान उघडतं. आग एकाच बाजूला असेल, बोटाला गाठ लागत असेल किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दंतवैद्याकडे लगेच जायचं.

कारण सापडलंच नाही, तर क्लोनाझेपामची १ मिलिग्रॅमची गोळी तीन मिनिटं जिभेजवळ धरून, लाळ न गिळता थुंकून टाकायची, असा एक उपाय चाचण्यांत काहींना उपयोगी ठरला आहे. वेदनेला आवरणारे मेंदूतले संदेश हे औषध बळकट करतं, तेच काम ते जिभेवरही करत असावं. पण या औषधाची सवय लागते, झोपही येते. तेव्हा शेजारणीची गोळी मागून घेण्याचा हा मामला नव्हे, डोस आणि मुदत डॉक्टरच ठरवतील.