डेकॅथलॉनचे गुण कसे काढतात, आणि तुमची बेरीज स्पर्धेच्या टेबलावर का नाकारली जाते

डेकॅथलॉन म्हणजे दहा प्रकारांची मिळून एक स्पर्धा. तिच्या प्रवेशअर्जात खेळाडूने आपली आजवरची सर्वोत्तम गुणसंख्या लिहायची असते. सोबत त्या स्पर्धेचं सहीशिक्क्याचं निकालपत्रक जोडायचं. हे अर्ज तपासायला मी बरीच वर्षं बसतो आहे. नाकारलेल्या अर्जांतली बहुतेक मुलं खोटं बोलत नसतात. त्यांची बेरीजही बरोबर असते. चूक बेरजेच्या आधीच झालेली असते, सेकंद आणि मीटर यांचे गुण करताना.

गुणांचा तक्ता काय करतो ते आधी पाहू. दहा प्रकारांत कुठे वेळ मोजतात, कुठे अंतर, कुठे उंची. यांची थेट बेरीज होत नाही, म्हणून प्रत्येक कामगिरी एका सूत्रातून जाते. सध्याचे तक्ते 1985 पासून लागू आहेत.

```
धाव:       गुण = A × (B − सेकंद)^C
उडी, फेक:  गुण = A × (माप − B)^C

100 मी.    A = 25.4347   B = 18    C = 1.81
लांब उडी   A = 0.14354   B = 220   C = 1.4
गोळाफेक    A = 51.39     B = 1.5   C = 1.05
```

`B` म्हणजे शून्याची रेषा. 100 मीटरला 18 सेकंद लागले तर गुण शून्य, लांब उडी 2.20 मीटर पडली तरी शून्य. त्या रेषेच्या पुढे जेवढं जाल तेवढ्याचेच गुण. `A` हा निव्वळ प्रमाण जुळवायला आहे. सगळी गंमत `C` मध्ये आहे. तो एकापेक्षा मोठा असल्यामुळे कामगिरी जितकी चांगली, तितके पुढच्या सुधारणेला गुण जास्त. 100 मीटरमध्ये 12.00 वरून 11.90 वर आलात तर 20 गुण वाढतात. 10.50 वरून 10.40 वर आलात तर 24. सुधारणा तेवढीच, एक दशांश सेकंद. गोळाफेकीत `C` फक्त 1.05 आहे, म्हणून तिथे चढ जवळजवळ सरळ रेषेत जातो. वरच्या पातळीवरच्या जादा अर्ध्या मीटरला फारसं बक्षीस नाही.

आता अर्ज कुठे अडतात ते.

एककांची चूक किरकोळ आहे आणि लगेच दिसते, म्हणून थोडक्यात सांगतो. तिन्ही उड्या सेंटिमीटरमध्ये घालायच्या, तिन्ही फेकी मीटरमध्ये. 1500 मीटरची वेळ आधी पूर्ण सेकंदांत करायची: 4:45.2 म्हणजे 285.2. एकाने 4.452 असा आकडा घातला होता आणि त्याला एकट्या 1500 मध्ये तीन हजारांच्या वर गुण मिळाले होते. 14 मीटरच्या गोळाफेकीला 1400 लिहिलंत तर गुण लाखाच्या पुढे जातात. घरी तक्ता बनवला असेल तर दोन खुणा तपासून घ्या: 100 मीटर 11.00 ला 861 यायला हवेत, लांब उडी 7.00 मीटरला 814. हे जमलं की त्या दोन ओळी ठीक आहेत असं समजा.

खरा घोळ हाताने घेतलेल्या वेळेचा.

स्टॉपवॉच धरणारा माणूस धूर किंवा ज्योत दिसल्यावर बटण दाबतो, म्हणजे सुरुवातीला त्याचा थोडा वेळ वाया जातो. शेवटी मात्र धावपटू रेषेकडे येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे तेवढा उशीर होत नाही. परिणामी हाताची वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. हा फायदा काढून घेण्यासाठी गुण देण्याआधी वेळेत भर घालतात: 100 मीटर आणि 110 मीटर अडथळा शर्यतीत 0.24 सेकंद, 400 मीटरमध्ये 0.14. 1500 मीटरमध्ये काहीच नाही. शिवाय हाताची वेळ पुढच्या पूर्ण दशांशावर नेऊनच नोंदवायची असते, घड्याळात 11.11 दिसलं तरी निकालात 11.2.

नियम एवढाच, दोन ओळींचा. पण त्याचा पुरावा कुणाकडे नसतो. निकालपत्रकावर वेळ हाताची की इलेक्ट्रॉनिक, हा एक शब्द लिहिलेला असावा. अनेक पत्रकांवर तो नसतो. मग ओळखायचं कसं? दशांशाच्या पुढे एकच आकडा असेल तर वेळ हाताची, दोन असतील तर इलेक्ट्रॉनिक. हा संकेत चांगला आहे, पण निकाल संगणकावर टाइप होईपर्यंतच. स्प्रेडशीटमध्ये रकान्याला दोन दशांश ठरवलेले असले की 11.2 चं आपोआप 11.20 होतं आणि हाताची वेळ इलेक्ट्रॉनिक होऊन बसते. हे कुणी मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. माझी एक साधी खूण आहे: 100 मीटरच्या सगळ्या धावपटूंच्या वेळा शून्यावर संपत असतील, 11.20, 11.40, 11.70, तर ते इलेक्ट्रॉनिक घड्याळ नव्हे. आठ जणांच्या वेळेचा शतांश एकाच वेळी शून्य येणार नाही.

एक अर्ज बारकाईनं सांगतो. ज्या स्पर्धेसाठी तो होता तिची अट 7000 गुणांची. मुलाने लिहिले होते 7041. पत्रकावर 100 मीटर 11.20, 400 मीटर 51.00, 110 मीटर अडथळे 15.50. तीनही वेळा शून्यावर संपणाऱ्या. ज्या स्पर्धेत हे गुण झाले तिच्या आयोजकांकडे आम्ही मूळ कागद मागितला. तिथे पेनाने 11.2, 51.0, 15.5 असंच लिहिलेलं.

मग पुन्हा गुण काढले. 11.20 ला 817 मिळाले होते, 0.24 घालून 11.44 झाले आणि गुण 765. 52 गेले. 400 मध्ये 51.00 चे 769 होते, 51.14 चे 763 झाले. फक्त 6 गेले, कारण भर कमी आणि शर्यत लांब. अडथळ्यांत 15.50 चे 790 होते, 15.74 चे 762. आणखी 28. एकूण 86 गुण कमी, म्हणजे 6955. अर्ज परत.

मुलगा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “सर, मी धावलो ते तेवढंच ना?” त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या प्रशिक्षकाने, आयोजकांनी किंवा निकाल टाइप करणाऱ्याने, कुणीतरी एकाने वेळेपुढे “हात” एवढं लिहिलं असतं तर त्याने प्रवासाचं तिकीट तरी काढलं नसतं. म्हणून सांगतो, स्पर्धा संपल्यावर पत्रक हातात घेताना पदक नंतर पाहा, आधी वेळ कशी घेतली ते लिहून घ्या आणि मुख्य पंचांची सही त्याच कागदावर घ्या. दोन महिन्यांनी ते पंच सापडत नाहीत.

दुसरी अडचण लहान दिसते पण अटीच्या काठावर असलेल्यांना मारते: अपूर्णांक. प्रत्येक प्रकाराचे गुण पूर्ण संख्येपर्यंत खाली आणतात. 963.9 आले तरी 963. आणि हे दहाही वेळा वेगवेगळं करायचं, शेवटी एकदाच नाही. केव्हिन मायेरने 2018 मध्ये टालांसला 9126 चा जागतिक विक्रम केला. त्याच्या दहा कामगिऱ्यांचे अपूर्णांक ठेवून बेरीज केली तर पाचेक गुण जास्त भरतात. ते त्याला मिळाले नाहीत, तुम्हालाही मिळणार नाहीत.

शून्याबद्दलही गैरसमज आहे. तिन्ही प्रयत्न फाऊल झाले किंवा एकही उंची पार झाली नाही, तर त्या प्रकाराचे शून्य गुण मिळतात आणि खेळाडू पुढे खेळू शकतो. पण एखाद्या प्रकारात उतरायचंच टाळलं तर पुढचे प्रकार खेळता येत नाहीत आणि अंतिम निकालात नाव राहत नाही. 1992 च्या अमेरिकन ऑलिंपिक निवड स्पर्धेत डॅन ओब्रायन पोल व्हॉल्टमध्ये पहिल्याच उंचीवर तीनदा चुकला. शून्य मिळालं, स्पर्धा त्याने पूर्ण केली, पण ऑलिंपिक हुकलं. त्याच वर्षी पुढे त्याने 8891 गुणांचा जागतिक विक्रम केला. पत्रकावर शून्य दिसलं म्हणून अर्ज बाद होत नाही. नाव अर्धवट सोडलेल्यांत असेल तर बाद होतो.

वाऱ्याचं लोक उगाच घाबरून विचारतात. वारा कितीही असला तरी गुण मिळतात. विक्रम मानायचा असेल तरच 100 मीटर, लांब उडी आणि अडथळे यांच्या वाऱ्याची सरासरी सेकंदाला 2 मीटरच्या आत लागते.

कुमार गटातल्यांना एक सूचना: हलका गोळा, हलकी थाळी आणि कमी उंचीचे अडथळे यांनाही हाच तक्ता लावतात. त्यामुळे ते गुण वरिष्ठ गटाच्या अटीपुढे ठेवता येत नाहीत, आकडा कितीही मोठा असला तरी.

शेवटचा मुद्दा जुन्या निकालांचा. जुन्या आकड्याशी तुलना करताना तो कोणत्या तक्त्याचा ते पाहा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये डेली थॉम्पसनला तेव्हाच्या तक्त्यानुसार 8797 गुण मिळाले. युर्गन हिंगसेनचा जागतिक विक्रम 8798 होता. एका गुणाने विक्रम गेला. 1986 मध्ये अडथळा शर्यतीचा फोटोफिनिश पुन्हा वाचला, तेव्हा वेळ एका शतांशाने कमी निघाली, एक गुण वाढला आणि बरोबरी झाली. दरम्यान नवे तक्ते आले होते. त्यांनी मोजलं तर थॉम्पसनचे 8847, हिंगसेनचे 8832. दोघांपैकी कुणीही पुन्हा धावलं नव्हतं.

त्या 6955 वाल्या मुलाला मी परत पाठवताना एवढंच सांगितलं, की त्याला हवेत 45 गुण, आणि त्याच्या 4:45 च्या 1500 मीटरमध्ये एक सेकंद सहा गुणांना जातो. म्हणजे आठेक सेकंद. आणि पुढच्या वेळी इलेक्ट्रॉनिक घड्याळ असलेलीच स्पर्धा निवड.