वायरलेस सबवूफर गेमच्या वेळीच का रुसतो

तीन तासांचा सिनेमा सुरळीत पार पडतो, पण गेम लावला की दहाव्या मिनिटाला सबवूफरचा दिवा लुकलुकायला लागतो. पेअरिंगचं बटण दाबून धरलं की जोडला जातो, आणि थोड्या वेळात पुन्हा सुटतो. दोष सबवूफरचाच वाटतो, पण गोष्ट बरीच जुनी आहे.

बरेच सबवूफर साउंडबारशी 2.4 गिगाहर्ट्‌झवर बोलतात. 1947 साली आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा कारखाने आणि उपकरणांसाठी सोडला गेला. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातच चालतो. 1985 मध्ये अमेरिकेने तो विनापरवाना संपर्कासाठी खुला केला, भारतात 2005 मध्ये. मग वाय-फाय, ब्लूटूथ, कंट्रोलर सगळेच इथे येऊन बसले. वाय-फायचं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं. चित्रासोबत पोहोचायच्या आवाजाला तेवढी उसंत नसते, म्हणून गर्दीत पहिला मार सबवूफरला बसतो.

या गर्दीत एक बिनरेडिओचा पाहुणाही आहे. 2008 मध्ये आलेल्या यूएसबी 3.0 ची केबल आणि जोडणी नेमका 2.4 च्या आसपास खरखराट पसरवते, असं इंटेलने 2012 मध्ये मोजून दाखवलं. माझ्याकडे हेच घडलं होतं. गेम कन्सोलला लावलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर होता, आणि ती डिस्क सबवूफरच्या डोक्यावर ठेवलेली. जागा सोयीची होती, दुसरं काय! डिस्क काढून अंतर्गत साठ्यातला गेम खेळलो, पेअरिंग टिकलं. पुन्हा जोडली, सुटलं. शेवटी चांगल्या शील्डच्या केबलने डिस्क मीटरभर लांब नेली आणि राउटरवर कन्सोल 5 गिगाहर्ट्‌झला जोडला. बटण पुन्हा दाबावं लागलं नाही.

घुमणाऱ्या आवाजाची गोष्ट वेगळी. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे नेमकी सबवूफरच्या हातात येणारी. आधी बारचा प्लग काढून बघावं. तरी सबवूफर घुमत असेल तर बिघाड त्याच्याच पॉवर सप्लायमध्ये आहे, दुरुस्तीला न्यावा. थांबला, तर आवाज बारकडून येतोय. टीव्ही ते बार ऑक्स केबल असेल तर संशय तिच्यावरच. गच्चीवरची डिश, टीव्ही, कन्सोल, बार यांचं अर्थिंग केबलींच्या शील्डमधून जोडलं जातं, त्यातून विजेचा बारीक प्रवाह वाहतो, आणि बार तोच आवाज समजून इमानेइतबारे सबवूफरला पाठवतो. सेट-टॉप बॉक्सची डिशची केबल सोडवताच घुमणं थांबलं, तर चोर सापडला.

यावरचा तोडगा तोशिबाने 1983 मध्येच आणलेला आहे: ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून त्या बारीक प्रवाहाची फेरी तिथेच तुटते. टीव्हीच्या मागे ते चौकोनी भोक बहुधा असतंच, फक्त टोकावरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका.