एलसी३ कोडेक: कमी डेटात चांगला आवाज कसा येतो आणि बॅटरी कुठे वाचते

तुमच्या इअरबडच्या खोक्यावर ‘LE Audio’ असे छापलेले असेल, तर त्यात एलसी३ हा कोडेक आहे. फोन आवाज हवेतून पाठवण्याआधी तो लहान करतो आणि इअरबड तो पुन्हा उलगडतो. हे काम करणारी पद्धत म्हणजे कोडेक. फ्राउनहोफर आयआयएस आणि एरिक्सन यांनी तयार केलेला एलसी३ ब्लूटूथचे नियम ठरवणाऱ्या ब्लूटूथ एसआयजी या संस्थेने २०२० मध्ये जाहीर केला. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ जोडणीत एसबीसी नावाचा कोडेक सक्तीचा आहे, म्हणून तुलना त्याच्याशीच करू.

१० मिलिसेकंदांचा एक तुकडा

४८ किलोहर्ट्झच्या आवाजात एका कानासाठी दर १० मिलिसेकंदांना ४८० नमुने असतात. नमुन्याला १६ बिट धरले, तर हे ९६० बाइट झाले. एलसी३ एका प्रचलित सेटिंगमध्ये ते १०० बाइटमध्ये बसवतो, म्हणजे सेकंदाला ८० किलोबिट.

एसबीसी आवाजाचे जास्तीत जास्त ८ पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्टा सुमारे ३,००० हर्ट्झ रुंद असतो. एकाच पट्ट्यात ठळक आणि मंद सूर एकत्र आले, की दोघांना एकाच जाड मापाने मोजावे लागते. त्यातली चूक पट्टाभर खरखर होऊन पसरते आणि ती दाबायची तर बिट वाढवावे लागतात. म्हणून चांगल्या दर्जाच्या स्टिरिओ एसबीसीला ३२८ किलोबिट लागतात.

एलसी३ तोच तुकडा ५० हर्ट्झच्या ४०० बारीक घटकांत मोडतो. प्रत्येक भागात आवाज किती मोठा आहे हे पाहून तो चूक मोठ्या सुरांच्या आडोशाला ठेवतो, जिथे कानाला ती जाणवत नाही. शिवाय वरच्या पट्टीतले बहुतेक घटक मोजल्यावर शून्य किंवा एक इतकेच उरतात. एसबीसी अशा आकड्यांनाही ठरलेले बिट देतो, तर एलसी३ वारंवार येणारे आकडे फार थोड्या जागेत लिहितो. आमच्या मते बचतीचा मोठा वाटा या दोन गोष्टींचा आहे.

अवघड जागा म्हणजे तबल्याची थाप. तुकड्याच्या मध्यावर थाप पडली, तर मोजमापातली चूक पूर्ण १० मिलिसेकंदांवर पसरते आणि थापेच्या आधीच बारीक फसफस ऐकू येऊ शकते. एलसी३ ही चूक थापेच्या वेळेजवळच गोळा करतो. तरी बिटरेट फारच कमी असेल, तर थापेची धार थोडी बोथट वाटते. स्वस्त बड निवडताना हेच ऐकून पाहा.

बॅटरी कुठे वाचते

इअरबडचा रेडिओ जितका कमी वेळ चालू, तितका खर्च कमी. वरचे १०० बाइट, त्यांना लागणारे पत्ता-तपासणीचे १५ बाइट धरून, २ मेगाबिट वेगाने ४६० मायक्रोसेकंदांत पोहोचतात. मिळाल्याची पोच द्यायला आणखी ४४ मायक्रोसेकंद लागतात. मधली थोडी थांबण्याची वेळ सोडली, तर उरलेल्या वेळात रेडिओ झोपू शकतो.

३२८ किलोबिटच्या एसबीसीत तेवढ्याच वेळात ४१० बाइट येतात. त्याच वेगाने नुसत्या आवाजालाच सुमारे १,६४० मायक्रोसेकंद जातात. कारण तिथे दोन्ही कानांचा आवाज एकाच प्रवाहात असतो: एक बड तो घेऊन दुसऱ्याला पुढे पाठवतो, किंवा दोन्ही बड सगळा प्रवाह ऐकतात. LE Audio या नव्या पद्धतीत फोन प्रत्येक बडला फक्त त्याच्या कानाचा आवाज थेट पाठवतो. त्यामुळे एकच बड आधी रिकामा होण्याची तक्रारही कमी होते.

मात्र यामुळे बॅटरी तिप्पट टिकेल असे समजू नका. बाहेरचा गोंगाट दाबणारे सर्किट आणि स्पीकर यांचा खर्च तसाच राहतो. गोंगाट दाबण्याची सोय बंद असेल, तेव्हा फरक जास्त जाणवतो.

फायदा मिळत नसेल तर

आधी फोन तपासा. ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ लिहिलेले असले, तरी LE Audio असेलच असे नाही. ती सोय कंपनीने वेगळी द्यावी लागते. अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत बडच्या नावाशेजारचे चक्र दाबा आणि ‘LE Audio’ चा पर्याय दिसतो का पाहा. पर्याय नसेल, तर बडची जोडणी काढून टाका, त्याचे अॅप अद्ययावत करा आणि पुन्हा जोडा. तरीही दिसला नाही, तर फोन एसबीसी किंवा एएसीसारखा जुन्या पद्धतीचा कोडेक वापरतो आहे असे समजा. बड बिघडलेला नाही.

आवाज मधूनच खरबरीत होऊन विरत असेल, तर पॅकेट हरवत आहेत. हरवलेल्या तुकड्याच्या जागी कोडेक आधीच्या तुकड्यावरून अंदाजाने आवाज भरतो, पण सलग पॅकेट गेली, की आवाज विरत जातो. फोन मागच्या खिशात असेल, तर शरीर लहरी शोषते, तीच पॅकेट पुन्हा मागवावी लागतात आणि बॅटरीही जास्त खर्च होते. फोन पुढच्या खिशात ठेवून पाहा. तरीही तेच होत असेल, तर दोन्ही बड केससह दुकानात घेऊन या. दुसऱ्या फोनशी जोडून तुमच्यासमोरच तपासून देऊ.