दोन हजार डॉलर, तीन वाटा

न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा साताऱ्यात आईला दोन हजार डॉलर पाठवतोय, असं समजा. हिशोब सोपा जावा म्हणून डॉलरचा बाजारभाव ८५ रुपये धरू. मधे कुणीच काही कापलं नाही, तर आईच्या खात्यात १,७०,००० रुपये पडायला हवेत. हा आकडा लक्षात ठेवा. कोणतीही वाट महाग की स्वस्त, हे याच आकड्याशी ताडून कळतं. नुसतं 'शुल्क शून्य' वाचून कळत नाही.

पहिली वाट बँकेची. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना खरं तर पैसे कुठेच जात नाहीत, निरोप जातो. हे निरोप वाहून नेणारी स्विफ्ट ही संस्था १९७३ साली ब्रसेल्समध्ये सुरू झाली. अमेरिकेतली बँक निरोप पाठवते, की आमच्या ग्राहकाने अमुक रक्कम दिली आहे, तुम्ही ती तमुक खात्यात जमा करा. भारतातल्या बँकेचं डॉलर खातं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात. डॉलर त्या खात्यात जमा होतात आणि इकडे साताऱ्यात बँक स्वतःजवळचे रुपये देते. दोन बँकांची एकमेकींशी थेट ओळख नसेल, तर मधे तिसरी बँक येते आणि ती आपला वाटा त्याच रकमेतून काढून घेते.

हा वाटा कुणाच्या माथी, ते फॉर्मवरच्या एका छोट्या रकान्यात ठरतं. तिथे OUR, SHA किंवा BEN यांपैकी एक निवडायचं असतं. OUR म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, BEN म्हणजे सगळा घेणाऱ्याचा, SHA म्हणजे विभागून. बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. मग आई फोनवर विचारते, "अरे, तू दोन हजार म्हणालास, इथे एकोणीसशे ऐंशीच दाखवतायत."

आता हिशोब मांडू. पाठवणाऱ्या बँकेने ४५ डॉलर वेगळे घेतले आणि मधल्या बँकेने २० कापले. उरलेल्या १,९८० डॉलरना आईच्या बँकेने ८३.९० चा दर लावला, तर १,६६,१२२ रुपये होतात. परकीय चलन बदलण्यावरचा जीएसटी साधारण २४० रुपये. खात्यात पडले १,६५,८८२. बाजारभावाच्या हिशोबाने ४,११८ रुपये इथेच गेले आणि मुलाने वरून दिलेले ४५ डॉलर म्हणजे आणखी ३,८२५. एकूण जवळजवळ आठ हजार. यातला रुपयाभर दरफरक कुठल्याच पावतीवर 'शुल्क' म्हणून छापलेला नसतो. म्हणून मी दराकडे आधी बघतो आणि शुल्काकडे नंतर.

दुसरी वाट ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवांची. या सेवा अमेरिकेत मुलाच्या खात्यातून डॉलर घेतात आणि भारतातल्या भागीदार बँकेत आधीच ठेवलेल्या रुपयांमधून आईला देतात. दिवसभरात दोन्हीकडून जमलेल्या रकमांची वजाबाकी करून उरलेला फरक घाऊक भावाने एकदाच भागवतात, म्हणून त्यांना कमी दरफरक परवडतो. पाच डॉलर शुल्क आणि ८४.५० दर धरला, तर आईला १,६८,५७७ रुपये मिळतात. म्हणजे खर्च एक टक्क्याच्याही आत.

तिसरी वाट स्टेबलकॉइनची. हे डिजिटल नाणं एक डॉलरला बांधलेलं असतं. ते काढणारी कंपनी म्हणते, बाजारात जितकी नाणी आहेत तितके डॉलर किंवा अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे आमच्याकडे जमा आहेत, नाणं परत करा आणि डॉलर घ्या. यूएसडीटी आणि यूएसडीसी ही यातली सगळ्यात मोठी दोन नावं. नाण्यांची नोंद ब्लॉकचेन या सामाईक वहीत होते. ही वही रविवारी आणि दिवाळीलाही बंद नसते.

मुलगा तिकडच्या एक्स्चेंजवर, म्हणजे अशा नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, नाणी विकत घेतो. तिथलं शुल्क अर्धा टक्का, म्हणजे दहा डॉलर. नाणी पाठवायचा नेटवर्क खर्च दोन डॉलर. भारतातल्या एक्स्चेंजवर आईच्या नावाच्या खात्यात १,९८८ नाणी पोचतात. आणि इथे गंमत दिसते. भारतात यूएसडीटीचा भाव बऱ्याचदा डॉलरच्या बाजारभावाहून चढा असतो. आपल्या उदाहरणात तो दोन टक्क्यांनी चढा, म्हणजे ८६.७० धरू. विक्रीचे १,७२,३६० रुपये झाले. एक्स्चेंजचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून अर्धा टक्का, म्हणजे ८६२ रुपये. विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरताना हिशोबात धरला जातो. नफ्यावर ३० टक्के कर आणि उपकर. मुलाची खरेदी १,७०,००० ची धरली, तर नफा २,३६० आणि कर साधारण ७३६ रुपये. सगळं वजा जाता हातात उरतात १,७०,७६२ रुपये.

म्हणजे बाजारभावाहूनही जास्त! ऑनलाइन सेवेपेक्षा दोन हजारांवर वरचढ. इथेच बहुतेक लोक वाचायचं थांबवतात आणि ॲप उतरवून घेतात. पण मला वाटतं, खरा प्रश्न इथे सुरू होतो. हे जास्तीचे पैसे कोण देतंय, आणि का देतंय?

दोन गावांत कांद्याच्या भावात फरक पडला, की व्यापारी स्वस्त गावाहून महाग गावी माल नेतात आणि फरक मिटतो. इथे तो मिटत नाही, कारण वाट अडलेली आहे. इथले रुपये बाहेर नेऊन डॉलरच्या भावात नाणी घ्यायची आणि आत आणून विकायची, यासाठी बँका सहसा पैसे बाहेर पाठवू देत नाहीत. त्यामुळे नाण्यांची आवक तोकडी राहते. मागणी मात्र असते. क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्यांना यूएसडीटी लागतं. त्यांच्या जोडीला असेही लोक असतात, ज्यांना आपले रुपये लवकरात लवकर आणि कुणाच्या नजरेत न येता नाण्यांत बदलायचे असतात. चढ्या भावातला काही भाग या दुसऱ्या मंडळींचा असतो, आणि तो त्यांनी विकत घेतलेल्या आडोशाचा असतो.

एक्स्चेंजच्या मुख्य बाजारात ही मंडळी आणि आई यांच्यामध्ये एक्स्चेंज उभं असतं आणि रुपये त्याच्याच खात्यातून येतात. धोका खरा असतो तो पीटूपी व्यवहारात, जिथे विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतात, नाणी तात्पुरती अडकवून ठेवली जातात आणि रुपये परक्या माणसाच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात येतात. भाव इथे आणखी चढा मिळतो. आता असं बघा. नागपुरातल्या एखाद्या आजोबांना 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देऊन पाच लाख लुबाडले. ते पैसे भाड्याने घेतलेल्या एका खात्यात गेले, तिथून दुसऱ्यात, आणि तिथून १,७२,००० रुपये आईच्या खात्यात, यूएसडीटीची किंमत म्हणून. भामट्याच्या हाती नाणी आली आणि तो गेला. आजोबांच्या मुलीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलीस पैशांचा माग काढत एकेक खातं गोठवायला सांगतात, आणि त्या साखळीत आईचंही खातं येतं. तिने काहीच गुन्हा केलेला नसतो, पण तिचं पेन्शनही त्याच खात्यात येतं. मग दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार सुरू होतो आणि तो कधीकधी महिनोन्महिने चालतो.

अशा व्यवहाराच्या खुणा असतात. ॲपवरचं नाव एक आणि पैसे आलेल्या खात्याचं नाव दुसरं. रक्कम तीन-चार खात्यांतून तुकड्यांनी येते. समोरचा व्हॉट्सॲपवर बोलायचा आग्रह धरतो. भाव बाकीच्यांपेक्षा रुपया-दीड रुपयाने जास्त. यातलं एक जरी दिसलं, तरी व्यवहार सोडून द्यावा. पैसे येऊन पडल्यावर सावध होऊन उपयोग नसतो.

वेगाबद्दल थोडक्यात. नाणं मिनिटाभरात पोचतं हे खरंच आहे. पण मुलाने ज्या बँक खात्यातून नाणी घेतली, ते पैसे पक्के होईपर्यंत तिकडची एक्स्चेंज नाणी बाहेर पाठवायला बऱ्याचदा काही दिवस थांबवतात. उलट स्विफ्टचा निरोपही हल्ली बहुतेक वेळा तासाभरात घेणाऱ्या बँकेत पोचतो. उशीर होतो तो शेवटच्या टप्प्यात, बँकेची वेळ, सुट्टी आणि तपासणी यांत. पैसे कशासाठी आले याचा सांकेतांक लावावा लागतो, घरखर्चासाठी P1301. तो चुकला किंवा राहिला, की रक्कम अडकते.

नाण्याचा स्वतःचाही धोका आहे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसीच्या ठेवींपैकी ३.३ अब्ज डॉलर तिथे होते. एका शनिवारी ते नाणं ८८ सेंटच्याही खाली गेलं. अमेरिकी सरकारने ठेवी सुरक्षित असल्याचं सांगितल्यावर सोमवारपर्यंत ते सावरलं. पण त्या शनिवारी विकायची पाळी आली असती, तर दोन हजारांतले दोनशेहून जास्त डॉलर गेले असते.

आणि हाताने होणारी चूक. यूएसडीटी अनेक नेटवर्कवर चालतं. ट्रॉनवरचा पत्ता T ने सुरू होतो, इथेरियमचा 0x ने. पण 0x ने सुरू होणारे पत्ते इतरही नेटवर्कवर चालतात, त्यामुळे पत्ता बरोबर आणि नेटवर्क चूक असं सहज होतं. नाणी पाठवताना ट्रॉनसाठी TRC20 आणि इथेरियमसाठी ERC20 असे पर्याय समोर येतात. आईच्या एक्स्चेंजवर जो लिहिला असेल तोच निवडायचा आणि आधी दहा डॉलर पाठवून ते दिसतात का बघायचं. बँकेत चुकलेली रक्कम परत मागायला निदान एक खिडकी असते. इथे ती सहसा नसते.

शेवटी कागद. परदेशातून पैसे आणायचे रिझर्व्ह बँकेने मान्य केलेले मार्ग ठरलेले आहेत आणि स्टेबलकॉइन त्यांत नाही. बँकेतून आलेल्या रकमेचा परकीय चलन आल्याचा दाखला मिळतो, नाणी विकून आलेल्या रुपयांचा मिळत नाही. मुलाला उद्या साताऱ्यात फ्लॅट घेताना किंवा पैसे परत तिकडे नेताना हाच दाखला लागतो. परदेशातल्या कमाईसाठी असलेल्या त्याच्या एनआरई खात्यातही ते रुपये भरता येत नाहीत, कारण बँकेच्या नजरेत ते इथलेच रुपये असतात.

जिथे सरकारी दराने डॉलर मिळतच नाही, किंवा बँकेची वाट आठ-दहा टक्के खाते, अशा देशांत लोक स्टेबलकॉइनकडे वळतात ते मला पूर्ण पटतं. न्यू जर्सी ते साताऱ्याच्या वाटेवर मात्र त्या दोन हजार डॉलरमागे फरक आहे दोन हजार रुपयांचा, आणि या मुलाला मी ऑनलाइन सेवाच सुचवेन.